राजीनामा अवलोकनार्थ सादर

सासरेच कंपनीचे अध्यक्ष असले की जावयाची काय अवस्था होते, ते मी नोएडातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जवळून पाहिलं. मी तिथलं काम बाहेरून पाहणारी कंपनी सेक्रेटरी. सभा बोलावणं, इतिवृत्त लिहिणं आणि सरकारच्या कंपनी रजिस्ट्रारकडे फॉर्म भरणं ही माझी कामं. संचालक तिघं. जावई, ज्यानं कंपनी काढली. सासरे, जे केंद्र सरकारात मोठ्या खुर्चीवरून निवृत्त होऊन आमच्याकडे अध्यक्ष झाले होते. आणि पुण्याच्या एक मॅडम. अध्यक्षांना तोंडावर ‘सर, हे काही पटत नाही’ म्हणायची हिंमत फक्त मॅडमची. आणि गंमत म्हणजे अध्यक्षांना ते आवडायचं.

मॅडमना पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत नोकरी लागली. संस्थेची एकच अट होती. कुठल्याही कंपनीचं संचालकपद नको, आणि रुजू होताना कंपन्यांच्या सरकारी पोर्टलवर संचालक म्हणून नाव दिसता कामा नये. मॅडमनी त्याच दिवशी कंपनीला ईमेल केला. पत्र मिळाल्या क्षणापासून मी संचालक नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी त्याची प्रिंट काढून अध्यक्षांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि कोपऱ्यात हिरव्या शाईनं लिहिलं, ‘चर्चा करावी’.

झालं. कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला.

जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा उत्तर ठरलेलं. ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. सरकारी नोकरीत वरिष्ठांनी राजीनामा मंजूर केल्याशिवाय माणूस सुटत नाही, आणि सरांचं सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं. कंपनीचं तसं नसतं. संचालकाचं पत्र कंपनीला मिळालं की राजीनामा लागू. पत्रात पुढची तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून. मंडळानं फक्त नोंद घ्यायची. म्हणजे मॅडम केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या आणि इकडे सर त्यांच्यावर विचार करत बसले होते.

पण पोर्टलवरचं नाव काही आपोआप निघत नाही. त्यासाठी कंपनीनं तीस दिवसांत डीआयआर-१२ नावाचा फॉर्म भरायचा, सोबत राजीनाम्याचं पत्र जोडायचं, आणि उरलेल्या संचालकांपैकी एकानं डिजिटल सही करायची. मी जावयाला गाठलं.

‘यार, मी सही करतो ना,’ तो म्हणाला, ‘बस बाबांना एकदा हो म्हणू दे. घरी जेवायला एकाच टेबलावर बसतो आम्ही.’

मॅडमचा फोन आला. ‘अगं, माझी मी पण रजिस्ट्रारला कळवू शकते ना?’

‘बिल्कुल. डीआयआर-११ फॉर्म भरून. पण तो ऐच्छिक. नाव निघायला कंपनीचाच फॉर्म लागणार.’

‘मग माझी नोकरी गेली समज,’ त्या म्हणाल्या. नेहमीचं हसू आवाजात नव्हतं. मला सरांचा भयंकर राग आला, आणि राग आला की मला युक्त्या सुचतात.

माझं लहानपण दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. शेजारीपाजारी सगळे फाइलवाले. त्यामुळे एक गोष्ट मला अक्षरओळखीआधी कळली होती. ‘अनुमोदनार्थ’ आलेला कागद साहेब दहादा उलटून पाहतो, कारण त्याखाली सही केली की काहीतरी घडतं. ‘अवलोकनार्थ’ आलेल्या कागदावर साहेब चहाचा कप खाली न ठेवता ‘पाहिले’ लिहितो, कारण त्यानं काही घडत नाही.

मी सभा बोलावली. विषयपत्रिकेचे दोन भाग केले. अनुमोदनार्थ विषयांत जागेचा नवा भाडेकरार आणि लेखापरीक्षकांची फी टाकली. अवलोकनार्थ विषयांत मागच्या सभेच्या निर्णयांचं काय झालं त्याचा तक्ता, आणि त्याखाली, मांजराच्या पावलांनी, राजीनामा.

मॅडम पण आल्या. सरांनी मला हळूच सांगितलं, ‘यांची हजेरी लावा.’

‘सर, त्या निमंत्रित म्हणून आल्यात.’

‘मग संचालक म्हणून गैरहजेरीची रजा मंजूर करा!’

समोर बसून चहात बिस्किट बुडवणाऱ्या बाईला गैरहजेरीची रजा! मी मान खाली घालून निमंत्रितच लिहिलं.

भाडेकरारावर सरांनी स्वल्पविरामासकट वाद घातला. फीवरही घातला. मग अवलोकनार्थ भाग आला आणि त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. तक्ता पाहिला, राजीनामा पाहिला. ‘हं, पाहिलं. पुढे?’ असं म्हणून दोन्हीखाली सही ठोकली.

‘मग सर, इतिवृत्ताचं वाक्य वाचून दाखवते.’ इतिवृत्त आमचं इंग्रजीत असतं, पण अर्थ असा: मंडळानं राजीनाम्याची नोंद घेतली, पत्र कंपनीला मिळालं त्या तारखेपासून तो अमलात आला, मॅडमच्या कामाबद्दल मंडळ आदर व्यक्त करतं, डीआयआर-१२ वर सही करून तो दाखल करण्याचा अधिकार जावयाला दिला.

सर ताठ बसले. ‘थांबा. राजीनामा मंजूर केला, हे कुठंय?’

‘लागत नाही सर.’

‘मग नामंजूर लिहा.’

‘लिहिलं तरी त्या संचालक नाहीतच. शिवाय फॉर्मला उशीर झाला तर जादा शुल्क आणि ठपका आपल्यावर. आणि सर, आपण पाहिलंत. सही आहे.’

त्यांनी स्वतःच्याच सहीकडे पाहिलं. फाइलवर एकदा केलेली नोंद खोडायची नाही, हे त्यांनी आयुष्यभर हाताखालच्यांना शिकवलं होतं. जावई भिंतीवरच्या एसीकडे बघत होता.

‘फसवलंत तुम्ही मला,’ सर म्हणाले.

‘बिल्कुल नाही सर. कायद्याला तुमचं फक्त पाहणं हवं होतं.’

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग जावयाला म्हणाले, ‘तुझं ते यूएसबीचं बटण लाव.’ त्यानं इतक्या घाईनं डिजिटल सहीचं टोकन लावलं की पहिल्यांदा उलटंच घुसवत होता. त्याची सही झाली, फॉर्म बरोबर असल्याचं माझं प्रमाणपत्र झालं, फॉर्म गेला, पावती आली. संचालकांच्या नोंदवहीत मी तारीख भरली. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या अहवालात एक ओळ घालायची राहिली, ती माझ्या यादीत चढली. पोर्टलवरून नाव निघालं की त्याची प्रिंट पाठवायचं मॅडमना कबूल केलं. त्यांनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. मी स्वतःवर जाम खूश होते.

मॅडम पर्स उचलून सरांसमोर उभ्या राहिल्या.

‘सर, येऊ मी?’

कागदोपत्री त्यांना कुणाचीच परवानगी लागत नव्हती. मी आताच ते सगळ्यांना ऐकवलं होतं. तरी त्या उत्तरासाठी थांबून राहिल्या. सर खिडकीबाहेर मेट्रोच्या पुलाकडे बघत होते.

‘प्रकरण विचाराधीन आहे,’ ते म्हणाले. ‘बस. आणखी एक चहा घे.’

मॅडम बसल्या. चहा आला. पुण्याच्या हवेबद्दल आणि दिल्लीच्या हवेबद्दल बोलणं झालं. सरांनी मांडलेलं एक मत मॅडमनी नेहमीसारखं खोडून काढलं, आणि सर नेहमीसारखे खुलले. राजीनामा का अडला होता ते मला तेव्हा कळलं. माझा राग पार गेला.

कप रिकामे झाले. मॅडम परत उठल्या. यावेळी सरही उठले, लिफ्टपर्यंत चालत गेले. मी मागे होते. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा त्यांनी मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला.

‘मंजूर,’ ते म्हणाले.

दार बंद झालं. सर तिथेच उभे होते. मी विचारलं, ‘सर, हे इतिवृत्तात घेऊ?’

‘नको,’ ते म्हणाले. ‘हे तुम्ही पाहिलंत, तेवढं पुरे.’