अभिनवच्या वाटणीचे पाच फॉर्म

गिरिजाताईंनी चौतिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा सिल्व्हर पार्कातल्या शेजारणींना वाटलं, महिन्याभराचं खूळ आहे. बारावीनंतर लग्न, मग लालबागच्या दोन खोल्यांत सासरची सात माणसं, आणि नवऱ्याने, आत्मारामरावांनी, मीरा रोडला ब्लॉक घेतल्यावर जरा मोकळा श्वास. मुलगी अनुष्का सातवीत गेली आणि गिरिजाताई भाईंदरच्या एका कॉलेजात रोज सकाळी पोरासोरांबरोबर बाकावर बसू लागल्या. २००६ साली त्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. विषय समाजशास्त्र.

त्या वर्षी वैती मॅडमनी गटांनी करायचा प्रकल्प दिला. गिरिजाताईंच्या गटात त्यांच्यासह तिघं. उत्तनजवळच्या चौक गावची स्टेफनी, जी वर्गात फारसं बोलायची नाही. आणि अभिनव, जो सगळीकडे बोलायचा. कॉलेजचा कुठलाही कार्यक्रम असो, माईक त्याच्या हातात. त्यानेच विषयाचं नाव सुचवलं, चौकच्या मासे विकणाऱ्या बायकांचा दिवस. चोवीस बायकांच्या मुलाखती, प्रत्येकाने आठ फॉर्म भरून आणायचे असं ठरलं. गिरिजाताईंनी ते वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट.

दिवाळीच्या सुट्टीत तिघं पहिल्यांदा बसने चौकला गेली. अभिनवने दोन मुलाखती घेतल्या. दुसरीत, "तुमच्या घरातले निर्णय कोण घेतं?" असं त्याने विचारल्यावर टोपलीजवळ बसलेली बाई मोठ्याने हसली आणि बाजूच्या चारजणींना म्हणाली, "बग, पोरगा माझा नवरा हाय का न्हाय ते इचारतोय!" सगळ्या हसल्या. स्टेफनीही हसली. अभिनवही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर तो आला नाही. आधी नाटकाची तालीम, मग मामाकडे लग्न, मग ताप. एसएमएसला उत्तर यायचं, "ताई, संडे पक्का." रविवारी मोबाईल बंद.

डिसेंबर लागला तेव्हा गिरिजाताई आणि स्टेफनीचे सोळा फॉर्म पुरे झाले होते. अभिनवचे दोनच. गिरिजाताईंच्या मनात आलं, सहाच तर आहेत, आपणच जाऊन भरून येऊ. घरी त्या हेच करत आल्या होत्या. जावेने टाकलेली भांडी घासायची, नणंदेने विसरलेलं दूध तापवायचं, आणि बोलायचं काही नाही. त्यांनी पर्समध्ये कोरे फॉर्म घातलेसुद्धा. स्टेफनीने ते पाहिलं.

"ताई, तुम्ही भरलेत तर वर नाव कोणाचं टाकणार?"

गिरिजाताईंनी फॉर्म पर्समधून परत बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी अभिनवला एकट्याला गाठलं. आवाज चढवला नाही. "तुझे सहा फॉर्म राहिलेत. जमत नसेल तर आत्ता सांग, काम बदलून घेऊ. जमत असेल तर तारीख दे."

"जमतंय ना ताई. त्या बायका... म्हणजे, मला ऑड वाटतं."

"स्टेफनी बरोबर येईल. सतरा तारखेपर्यंत."

त्यांनी ते वहीत लिहिलं आणि त्याला दाखवलं. तो एका रविवारी आलाही. एक मुलाखत घेतली, फोन वाजला, आणि पुढच्या बसने निघून गेला. सतरा तारीख उलटली. पाच फॉर्म कोरेच.

तेव्हा गिरिजाताई वैती मॅडमकडे गेल्या. चहाडी केल्यासारखं वाटत होतं, पण जमा करायला अजून महिना होता. शेवटच्या दिवशी सांगून काही उपयोग झाला नसता.

मॅडमनी ऐकून घेतलं. "एकोणीस मुलाखती झाल्यात ना? मग अहवालात एकोणीसच लिहा. चोवीस ठरल्या होत्या, पाच का झाल्या नाहीत, तेही लिहा. कमी मुलाखतींनी प्रकल्प पडत नाही. आणि कोणी काय केलं त्याचा एक तक्ता जोडा. काम, तारीख, कोणी केलं. तिघांच्या सह्या. अहवालाचे मार्क सगळ्यांना सारखे, बाकीचे मी तक्ता आणि तोंडी परीक्षा पाहून देईन. तुमच्या गटाला एकट्याला नाही, हे मी सगळ्याच गटांना सांगणार आहे."

"अभिनवचं काय?"

"त्याला कोष्टकं द्या. एकोणीस फॉर्मवरून सात कोष्टकं काढायची. घरी बसून होण्यासारखं काम आहे. मी बोलते त्याच्याशी."

गिरिजाताईंनी रागाच्या भरात त्याच दिवशी तक्ता लिहून काढला. अभिनवपुढे, "काहीही केले नाही." स्वतःपुढे अकरा ओळी. स्टेफनीपुढे, "मुलाखती आठ, इतर मदत." मॅडमनी तो वाचला आणि परत दिला.

"'काहीही नाही' हे तुमचं मत झालं. याच्या वर तुम्हीच लिहिलंय, फॉर्म सतरा ते एकोणीस अभिनवचे. आणि ही 'इतर मदत' म्हणजे काय हो?"

गिरिजाताई घरी येऊन वही घेऊन बसल्या. एकेक तारीख पाहत गेल्या. चौकला पहिल्या दिवशी बायका बोलायलाच तयार नव्हत्या. स्टेफनी आपल्या मावशीला घेऊन आली, तेव्हा दारं उघडली. गिरिजाताईंच्या आठही मुलाखतींत स्टेफनी शेजारी बसून गावची बोली समजावून सांगत होती. एक बाई "नाव न्हाय लिवायचा" म्हणून उठली, तिला नाव गुप्त राहील हे पटवलं तेही स्टेफनीने. यातली एकही ओळ तक्त्यात नव्हती.

त्यांनी तक्ता फाडला आणि नव्याने लिहिला. विशेषणं नाहीत. जे झालं ते, तारखेसकट. प्रकल्पाचा विषय, अभिनव. मुलाखती तीन, अभिनव. ठरलेल्या आठपैकी पाच झाल्या नाहीत.

जानेवारीत अभिनवने कोष्टकं आणली. सातपैकी चार. त्यांतल्या एकात बेरीज एकवीस होत होती, ती गिरिजाताईंनी त्याच्याच हातून दुरुस्त करून घेतली. मग तक्ता पुढे ठेवला.

त्याने वाचला. "ताई, आपण ग्रुप आहोत ना? सगळ्यांपुढे 'समान सहभाग' लिहून टाकू. बाकीचे ग्रुप हेच करतायत."

गिरिजाताई काही बोलायच्या आत स्टेफनी म्हणाली, "मग मी माझ्या मावशीला काय सांगू? तिने तुझ्यासाठी दोनदा बायका थांबवून ठेवल्या होत्या. मासे टाकून बसल्या होत्या त्या."

अभिनवने तक्ता बाजूला सारला. "मी सही नाही केली तर?"

"तर 'सही केली नाही' असं लिहू," गिरिजाताई म्हणाल्या. "काही चुकीचं लिहिलं असेल तर दाखव, आत्ता खोडते. आणि खाली जागा सोडलीय. तुझं म्हणणं तू लिही, आम्ही हात लावणार नाही."

त्याने पुन्हा वाचलं, बोट ठेवून. "प्रश्नांचं टायपिंग मी केलं होतं. सायबर कॅफेत."

गिरिजाताईंनी वही उघडली. नोंद नव्हती, पण स्टेफनीला आठवत होतं. ती ओळ वाढली. मग त्याने खालच्या जागेत लिहिलं, "मुलाखती घेताना मला संकोच वाटला. हे मी वेळेवर सांगितले नाही." आणि सही केली.

मार्क लागले तेव्हा स्टेफनी सगळ्यांत पुढे होती. गिरिजाताईंना तिच्याहून दोन कमी. अभिनव पास झाला, पण बऱ्याच खाली. तोंडी परीक्षेत त्याने आपल्या तीनच मुलाखतींबद्दल सांगितलं, उरलेल्यांचा आव आणला नाही, असं मॅडम म्हणाल्या.

परीक्षा संपेपर्यंत तो गिरिजाताईंशी बोलला नाही. समोर आला की मान हलवायचा, इतकंच. त्यांना ते लागायचं. पण तक्ता बदलावा असं मात्र कधी वाटलं नाही.