तेरा नंबरची नळी

अप्पाराव म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजातला आकडेवाला. प्रबंध लिहायला बसलेला प्रत्येक डॉक्टर आधी त्याच्या दारात: "सर, माझ्या अभ्यासाला पेशंट किती लागतील?" मी रत्नमाला, रक्त काढणारी. उस्मानपुऱ्यातून बावीस वर्षं येते-जाते, आणि तोंड जरा फटकळ आहे ते आधीच सांगते. पण ही गोष्ट अकरा वर्षं मीही नाही बोलले.

माणूस तसा साधा. डब्यात रोज ज्वारीची भाकरी न् ठेचा, खिशात दोन पेनं, आणि लॉगचं जुनं कोष्टक, पानं पिवळी पडलेलं. फक्त एक खोड विचित्र. त्याच्या खोलीतल्या कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात. शेजारचा फ्रीजर सुरू झाला की त्या बंद कपाटात बारीक किणकिण व्हायची. भर दुपारी, ऊन खिडकीत असताना. मी म्हणायचे, "काय हो, बायकोच्या बांगड्या ठेवल्यात का?" तो हसायचा नाही.

किणकिण कशाची ते सांगते. अकरा वर्षांपूर्वी वाळूजच्या पलीकडं एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. बाप त्याच कपड्यांवर घरी यायचे, पोरं अंगाला झोंबायची. आमच्या एका डॉक्टरला बघायचं होतं, या पोरांच्या रक्तात शिसं जास्त आहे का. एक गट या पोरांचा, दुसरा दूरच्या वस्तीतल्या पोरांचा.

आता शिशाचा आकडा सरळ नसतो. दहा पोरांत तीन, चार, पाच असं निघतं आणि अकराव्यात एकदम चाळीस. तो एकटा साऱ्या सरासरीला ओढून नेतो. म्हणून आकड्यांचा लॉग घेतात. मग ते ताळ्यावर येतात, आणि फरक 'कितीनं जास्त' असा न मोजता 'किती पट' असा मोजतात. ठरलं होतं की दीडपट फरक असला तर तो सापडलाच पाहिजे. त्यासाठी गटागटाला पोरं किती, ते अप्पारावनं काढून दिलं: बारा.

बारा झाली त्या दिवशी तेरावी दारात उभी होती. सारजाबाई, मेंढरं सोडून नवऱ्यामागं शेडवर आलेली, आणि तिची पाच वर्षांची सुलेखा. मी नळीवर नंबर न् नाव घालून बसले होते. तेवढ्यात आतून निरोप आला, पुरे. मीच पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हटलं, "तुमचा नंबर तेरावा. लागलं तर बोलावू." चिठ्ठीवर तेरा लिहून दिले. केवढा शहाणपणा माझा!

निकाल काय लागला? शेडच्या पोरांत शिसं जवळजवळ दीडपट. पण बाराच पोरं, त्यामुळं खरा फरक पाऊणपट असेल की तिपटीच्या जवळ, काही सांगता येईना. आणि छापताना लिहिलं काय, तर 'फरक आढळला नाही.' शेडच्या मालकानं तो कागद फ्रेम करायचाच बाकी ठेवला. कामगारांना अंघोळीची खोली न् बदलायला कपडे द्यायचं चाललं होतं, ते बारगळलं.

तेव्हापासून सारजाबाई दर उन्हाळ्यात यायची, पोरीला घेऊन. दवाखान्याच्या बाकावर बसायची आणि पदराच्या गाठीतली चिठ्ठी सोडून विचारायची, "बाई, आमचा नंबर आला का?" सुलेखा वाढत होती, पण बोलणं तुटक, शाळा दुसरीतच सुटलेली. ती बाकाखालच्या फरश्या मोजायची. दहा, अकरा, बारा… आणि परत एक. दर वर्षी. माझ्या अंगावर काटा यायचा हो! मी कामाचं निमित्त काढून आत पळायचे. अप्पाराव तर ती दिसली की दार लावून घ्यायचा. आणि कपाट किणकिणायचं.

यंदा डॉक्टर प्रांजली आली. नवी पोरगी, चटपटीत. तिला तोच अभ्यास परत करायचा होता. जुनी फाईल घेऊन ती अप्पारावच्या टेबलाशी बसली, मी नळ्यांची मागणी लिहायला शेजारी.

"सर, माझे त्रेसष्ट येतायत. तेच आकडे, तेच सूत्र. तुमचे बारा कसे?"

अप्पारावनं कागद बघितलासुद्धा नाही. "पोरांच्या आकड्यांचा पसारा मी या कोष्टकातून काढला," तो म्हणाला. "हे दहाच्या पायाचं. शून्य पूर्णांक पस्तीस आलं. आणि दीडपटीचा लॉग दाबला कॅल्क्युलेटरवर, तो नैसर्गिक. शून्य पूर्णांक चार. दोन्हीकडं एकच लॉग पाहिजे होता. नैसर्गिक धरला असता तर पसारा शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी झाला असता. त्याचा वर्ग होतो, म्हणून पोरं पाचपटीनं वाढतात."

"म्हणजे बारा पोरांत…"

"दीडपट फरक खरा असला तरी चारातल्या तीन वेळा हाती लागला नसता. प्रबंध पास झाल्यावर महिन्याभरात कळलं मला."

"आणि बोलला नाहीत?" मी ओरडलेच.

त्यानं गळ्यातली किल्ली काढली. कपाटात स्टँड होता. रिकाम्या नळ्या, एकावन्न. तेरापासून त्रेसष्टपर्यंत, प्रत्येकीवर नंबर, नाव कुठंच नाही. फक्त पहिलीवर नाव होतं. सुलेखा. अक्षर माझं.

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथं खाल्लं दोघांनी होतं. ती नळी मी कचऱ्यात टाकली असं समजत होते. टाकलीच होती. त्यानं ती उचलून आणून धुतली होती.

दुसऱ्याच आठवड्यात सारजाबाई आली. या वेळी अप्पारावनं दार लावलं नाही. तो बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसला. पलीकडं सोळा वर्षांची सुलेखा मोजत होती.

"बाई, तुमचा नंबर तेव्हाच आला होता. माझी चूक झाली. मीच पुरे म्हणालो."

"मंग व्हतं का तिच्या रक्तात?"

"ते कळावं इतकी पोरं आम्ही मोजलीच नाहीत. आणि तिचं तर मोजलंच नाही."

"आता मोजा की."

अप्पारावनं माझ्याकडं बघितलं. सांगायचं माझ्यावर आलं. शेड चार वर्षांपूर्वी दुसरीकडं गेलं. रक्तातलं शिसं काही महिन्यांत उतरतं, उरतं ते हाडांत. आजची नळी पाच वर्षांच्या सुलेखाचं काही सांगणार नाही. तपासू, नक्की तपासू, पण ती अशी का झाली, शिशानं की मुळातच, ते आता कुणालाच कळायचं नाही. आणि नव्या अभ्यासात दहा वर्षांच्या आतलीच पोरं. मी हे सगळं सांगितलं आणि रडले. लाज वाटली नाही.

सारजाबाई नाही रडली. तिनं चिठ्ठी उलगडली, बराच वेळ बघितली आणि अप्पारावच्या हातात ठेवली.

"असू द्या. पण हा नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नका. तिचा हाय."

अप्पारावनं त्याच दिवशी अधिष्ठात्यांना सगळं लिहून दिलं आणि छापलेला निकाल दुरुस्त करा म्हणून विनंती केली. चौकशी चालू आहे. नवा अभ्यास शेड गेलं त्या गावात सुरू झाला. काही पोरं गळतात, म्हणून त्रेसष्टाचे गटाला सत्तर धरले. नळ्यांवर नंबर मीच घालते. बारानंतर चौदा. सत्तर पोरांची यादी एकाहत्तरवर संपते, आणि कुणी विचारलं तर मी सांगते, तेराव्या पोरीला आम्ही परत पाठवलं.