जाईबाईचं बसणं

दुष्काळानं दूध आटलं होतं. उमरग्याच्या दूध संस्थेत कॅन विसळायला जाईबाई आणि धुरपदाबाई दोघी होत्या, पण कॅन निम्मेच यायचे. जाईबाईचा लेक पिराजी ट्रकवर क्लीनर होता. ट्रक उलटला आणि तो सोलापूरच्या दवाखान्यात गेला. तेव्हा धुरपदाबाईनं आपणहून भवानीला साकडं घातलं. जाईबाईनं घातलं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच तिनं घरातले देव सोडले होते.

पिराजी गेला. जाईबाई रडली नाही. कॅन विसळत राहिली.

"म्या त्या भवानीशी बोलत न्हाय आता," धुरपदाबाई दारात सांगत होती. "दिवा बंद. लेकरू मागितलं, दिलं न्हाय. बस म्हणावं अंधारात!"

जाईबाई शेजारीच उभी होती. म्हणाली, "तुला भांडायला तरी कुणी हाय गं."

पावसाळ्यात बुद्धविहारात एक भन्ते, म्हणजे भिक्खू, मुक्कामाला उतरले होते. जाईबाई रोज पहाटे जाऊन बसू लागली. श्वास आत येतो, बाहेर जातो, नाकाशी त्याचा स्पर्श होतो, तेवढंच बघायचं. श्वास लांबवायचा नाही, मन पळालं तर रागवायचं नाही, परत आणायचं. ती नेमानं बसे. एकदा भन्तेंनी विचारलं, काय जाणवतं?

"काय न्हाय. हातपाय लाकडागत. पर नेम मोडत न्हाय. एवढं बसल्यावर लेकरू सपनात तरी येईल."

"माई, हा नवस झाला," भन्ते हळू म्हणाले. "इथं देणारं कुणी नाही. बधिर आहे ना? मग बधिरपण बघा. ते जावं म्हणूनही बघू नका."

ती घरी आली आणि भाकरी थापायला बसली.

पौर्णिमेला मैत्री भावना होती. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जिवलगाचं, मग परक्याचं, शेवटी वैर्‍याचंही. जाईबाईनं पिराजीला मनात धरलं. काहीच हललं नाही. तिनं तसं सांगितलं.

"गेलेल्या माणसावर ही भावना जमत नाही," भन्ते म्हणाले. "त्याच्या नावानं पुण्य अर्पण करायचं पुण्यानुमोदन केलंय, ते वेगळं. इथं जिवंत माणूस घ्या."

तिला जिवंत माणूस म्हणून धुरपदाबाईच आठवली. ती सुखी असो, निर्वैर असो. कुणाकडं मागायचं नव्हतं, नुसतं चिंतायचं होतं.

दुसर्‍या दिवशी कॅन पालथे घालून ती म्हणाली, "आज दिवा लाव."

"आँ? तू सांगतीस? तुझा इस्वास तरी हाय का तिच्यावर?"

"न्हाय. पर तुझा हाय. माझ्यापायी अबोला नको."

"आन् तुला काय गावलं बसून?"

"बधिर हाय, एवढं कळतंय."

धुरपदाबाईनं संध्याकाळी वात लावली. "जाई म्हणली म्हणून लावतीया," तिनं देवीला दटावलं, आणि मग पदर तोंडात धरून पुष्कळ रडली. पिराजीचं नाव घेऊन रडली.

जाईबाई उंबर्‍याबाहेर उभी होती. तिनं हात जोडले नाहीत. डोळे कोरडेच होते. रडणं थांबेपर्यंत मात्र ती हलली नाही.