पहिल्या क्रमांकाचं घर

सर्वेक्षण कार्यालयात तिला सगळे ताळेबाई म्हणत. तेवीस वर्षं तिने एकही आकडा ताळा केल्याशिवाय पुढे सरकू दिला नव्हता.

त्या वर्षी शहरातल्या वृद्धांचं 'समाधान' मोजायचं होतं. प्रश्न पाच होते: झोप शांत लागते का, घरात भांडणं होतात का, शेजाऱ्यांचा त्रास होतो का, काळजी वाटते का, आणि अडचणीत हाक मारली तर कोणी येईल का. तिने सगळी उत्तरं एका दिशेला वळवली, म्हणजे मोठा आकडा तो चांगला. मग ती एका मापात आणली. प्रत्येक प्रश्नाला किती वजन द्यायचं, ते उत्तरं एकमेकांबरोबर कशी हलतात यावरून संगणकाने ठरवलं.

पाचव्या प्रश्नाचं वजन उणे आलं, म्हणजे तो बाकीच्या चारांच्या उलट जात होता.

दिशा चुकली असेल म्हणून तिने मूळ फॉर्म काढून तपासले. चूक नव्हती. ज्यांच्या हाकेला कोणी येणार नव्हतं, तीच माणसं सगळ्यात शांत झोपत होती.

"तो प्रश्न गाळून टाका," साहेब म्हणाले. "बाकीचे चार छान जुळतात."

"जुळतात खरे. पण कशाशी जुळतात, ते बघून येते."

समाधानाच्या यादीतल्या पहिल्या दहांपैकी सात घरं एकाच गल्लीतली होती. भर दुपारी ती तिथे पोचली. पायऱ्या लख्ख पुसलेल्या, खिडक्या बंद. कुठे रेडिओ नाही, भांड्याचा आवाज नाही. आपल्याच चपलांचा आवाज तिला नकोसा झाला.

यादीत पहिल्या क्रमांकावर आलेल्या घराचं दार तिने दोनदा वाजवलं. शेजारचं दार बोटभर उघडलं.

"हळू," आतून एक म्हातारी कुजबुजली. "आजोबा झोपलेत."

"कधीपासून?"

"काल सकाळी हाका मारत होते. मग शांत झाले."

"तुम्ही गेला नाहीत?"

"आमच्याकडे कोणी कोणाला त्रास देत नाही हो," म्हातारी समजावल्यासारखं म्हणाली.

ताळेबाईने कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावून आतली कडी तोडून घेतली. आजोबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले होते. कंबर मोडली होती, श्वास चालू होता.

"ऐकू जात होतं त्यांना," ते पुटपुटले. "पलीकडे खुर्ची सरकल्याचं मला कळलं."

ते वाचले. तिने पाचवा प्रश्न गाळला नाही आणि बाकीच्यांत मिसळलाही नाही. तिने दोन निर्देशांक केले, चार प्रश्नांचा 'शांतता' आणि पाचव्याचा एकट्याचा 'सोबत'.

"एकच आकडा मागितला होता," साहेब कुरकुरले.

"एका आकड्यात ते आजोबा पहिले येतात, साहेब."

अहवाल तसाच छापला गेला. शांततेच्या यादीत ती गल्ली सगळ्यात वर होती, सोबतीच्या यादीत सगळ्यात खाली. आरोग्यसेविका दर सोमवारी तिथे जाऊ लागली. तिचं म्हणणं असं, की सातही घरांत तिला बसवून घेतात, पण बोलत कोणीच नाही. घरात आणखी कोणी आहे एवढंच ऐकायला, नुसते तिच्या श्वासाकडे कान लावून बसतात.