रिजवानचा घडीचा फोन

मंठ्याच्या रिजवानची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. त्याच्यावर मी कधी रागावले असेन तर शाळेत असताना, गृहपाठ केला नाही म्हणून. आताचा राग वेगळ्या माणसांवरचा आहे आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

जालन्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. रिजवान माझ्याकडे सहा वर्षांचा असताना आला. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. आता तो मंठ्यात पाण्याच्या मोटारी भरून देतो. जळालेली तार उपसून नवी तांब्याची तार गुंडाळायची, व्हार्निश मारायचं, मोटार चालू करून बघायची. चालू मोटारीवर तळहात ठेवला की बेअरिंग गेलंय की नाही हे त्याला कळतं. कान शाबूत असलेल्या कारागिरांना ते ऐकूनही कळत नाही. आजूबाजूच्या गावांतून लोक मोटारी घेऊन त्याच्याकडेच येतात, आणि पाठ फिरली की त्याला 'मुका' म्हणतात. तोंडावरही म्हणतात, कारण त्याला ऐकू येत नाही ना.

त्याने घडीचा फोन घेतला तेव्हा बाजारात मोठी चर्चा झाली. पुस्तकासारखा उघडणारा, आत मोठा पडदा, मिटला की बाहेरच्या बाजूला दुसरा अरुंद पडदा. जुनाच होता, आतल्या घडीची रेघ चांगली उठून दिसायची. ज्याला बोलता येत नाही त्याला एवढा भारी फोन कशाला, असं लोक म्हणाले. कशाला ते मी सांगते. आमची खूणभाषा दोन हातांची आहे. साधा फोन एका हातात धरला की उरलेल्या हाताने अर्धंच वाक्य बोलता येतं. मग तो फोन स्टीलच्या तांब्याला टेकवायचा, आणि ऐन बोलण्यात फोन घसरून मला छत दिसायचं. हा फोन अर्धा दुमडला की टेबलावर आपला आपण उभा राहतो. वरच्या अर्ध्यात मी दिसते, खालच्या अर्ध्यात कॉलची बटणं येतात, आणि रिजवानचे दोन्ही हात मोकळे. बोलता येणाऱ्या माणसाने तोंडासमोर सतत हात धरून बोलून बघावं, मग या सोयीची किंमत कळेल.

पहिल्या आठवड्यात एक अडचण आली. आम्ही बोलत असताना तो दुकानातून बाहेर निघाला, फोन मिटून हातात घेतला आणि मी त्याच्या पडद्यावरून गेले. फोन मिटला की पडद्याला कुलूप पडत होतं. बाहेरच्या पडद्यावरून फोन उघडला तर चाललेलं काम आपोआप आतल्या मोठ्या पडद्यावर जायचं, पण उलटं होत नव्हतं. दुसरा कोणी दुकानदाराशी भांडायला गेला असता. रिजवानने सेटिंगमधून ॲपची यादी शोधून काढली. मिटल्यावर कोणतं ॲप बाहेरच्या पडद्यावर चालू ठेवायचं ते तिथे निवडता येतं. आमच्या व्हिडिओ कॉलच्या ॲपसमोरचं बटण त्याने चालू केलं. तेव्हापासून फोन मिटला की चित्र क्षणभर गोठायचं आणि मी बाहेरच्या पडद्यावर यायचे. तो चालता चालता एका हाताने 'हो', 'नाही', 'थांबा' एवढं बोलायचा, टेबल मिळालं की फोन उघडून दुमडून ठेवायचा आणि राहिलेलं बोलणं पुरं करायचा.

आता मूळ गोष्टीवर येते. त्याची बायको महजबीन, तीही ऐकू न येणारी. मुलगी फलक, सहा वर्षांची, तिला उत्तम ऐकू येतं. घरात बोलणारं दुसरं कोणी नाही. पोरीच्या कानावर दिवसभर माणसांचं बोलणं पडावं, तिने गाणी म्हणावीत, भांडावं, म्हणून रिजवानला तिला चांगल्या शाळेत घालायचं होतं. दुकानापासून चालत जाता येईल अशी एक खासगी शाळा होती, संस्थेचे सचिव तातेराव स्वतः प्रवेश बघायचे. पहिलीच्या प्रवेशासाठी पालकांची मुलाखत ठेवली होती. कायद्याने अशी मुलाखत घेता येत नाही, पण आपल्याकडे ती 'ओळख करून घेण्यासाठी' असते. मी संतापले. रिजवान म्हणाला, बाई, आधी प्रवेश, मग संताप.

मुलाखतीच्या दिवशी मी जालन्यात माझ्या घरी फोनसमोर बसले आणि तो तिकडे शाळेच्या कचेरीत. त्याने फोन दुमडून टेबलावर उभा केला. फोनच्या पलीकडे तातेराव, मला ते दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. अलीकडे रिजवान, शेजारी महजबीन, तिच्या मांडीवर फलक. बाजूला तृप्ती मॅडम नावाच्या क्लार्क अर्ज भरत होत्या. रिजवान खुणा करायचा, मी त्या बोलायचे. त्याच्या वतीने बोलताना मी 'मी' म्हणते, 'मी मोटारी भरतो', असंच. माझं स्वतःचं मत घालायचं नाही हा माझा नियम आहे. सत्तरीला आलेल्या बाईला तो पाळणं जड जातं.

तातेरावांना ते जमेना. ते रिजवानकडे बघतच नव्हते, फोनशीच बोलत होते, "बाई, यांना विचारा, घरी अभ्यास कोण घेणार?" रिजवानने सांगितलं, मी घेईन, मला वाचता येतं, लिहिता येतं. मग ते म्हणाले, मुलगी बोलते ना, तिलाच सांगू द्या, हा फोनचा खटाटोप कशाला. रिजवानने मान हलवली. ती इथे शिकायला आलीय, आमची दुभाषी म्हणून नाही, असं त्याच्या हातांनी सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं बोलले. थोडं कडक बोलले असेन.

"बस झालं आता," तातेराव म्हणाले. "हापिसात मोबाईल चालत न्हाई."

आणि त्यांनी हात लांब करून रिजवानचा फोन मिटवला.

हे मी परत लिहिते, कारण वाचणाऱ्याला ते साधं वाटेल. एक माणूस बोलत होता, आणि समोरच्याने हात पुढे करून त्याचं तोंड दाबलं. आपण कोणाच्या ओठांवर असा हात ठेवू का? ठेवला तर कचेरीत मारामारी होईल. इथे फोन मिटला आणि कोणाला काही वाटलं नाही. जुन्या झाकणाच्या फोनसारखं झाकण लावलं की कॉल कटला, असा तातेरावांचा समज. बाहेरचा पडदा वर करून त्यांनी फोन रिजवानकडे सरकवला आणि खुर्ची तृप्ती मॅडमकडे वळवली. त्या पडद्याकडे बघायची तसदीही घेतली नाही, हे रिजवानने मला नंतर सांगितलं.

चित्र क्षणभर गोठलं. मग मला छत दिसलं आणि धुळीने काळवंडलेला पंखा. आवाज मात्र स्वच्छ येत होता.

"मॅडम, नाव वेटिंगला टाका. कागदं अपुरे हायेत म्हणून लिहा."

कागद सगळे आहेत सर, असं तृप्ती मॅडम हळूच म्हणाल्या.

"असू द्या की. मायबाप दोघं बी मुके. उद्या पोरीला काही झालं तर कोणाला सांगायचं? अन् पालकसभेत काय, हे हातवारे करून राह्यले अन् बाकीचे बघून राह्यले. तमाशा न्हाई पायजे मला. चांगल्या घरचे लोक नाव काढून घेतेत मंग."

माझ्या जिभेवर जे आलं ते इथे लिहिता येणार नाही. मी ओरडले असते तर तातेरावांच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला असता. पण तो आवाज माझा झाला असता, आणि बाप तिथे बसलेला होता. मी दात आवळले आणि हात उचलले. मला फक्त पंखा दिसत होता. बाहेरच्या त्या अरुंद पडद्यावर रिजवान मला बघतोय की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. तरी मी बोटं जवळ घेऊन, चौकटीत मावतील अशा खुणांनी, शब्दन् शब्द सांगितला. 'मुके' सांगितलं, 'तमाशा' सांगितलं, काही गाळलं नाही.

पंखा बाजूला झाला. फोन कोणीतरी उचलला, उघडला, आणि माझ्यासमोर एकदम रुंद चित्र आलं. रिजवानने फोन दुमडून पुन्हा त्याच जागी उभा केला. त्याचा चेहरा शांत होता. त्याच्या हातांनी सांगितलं ते मी मोठ्याने बोलले.

"सर, वेटिंग, अपुरे कागद, तमाशा, सगळं मला कळलंय. खोटं कारण लिहू नका. आईवडील बहिरे आहेत म्हणून मुलीला प्रवेश नाही, एवढं लिहा. शिक्का मारा, सही करा. मी तो कागद घेऊन जातो."

खुर्ची परत वळल्याचा आवाज आला. मग तातेराव म्हणाले, "त्यो फोन तर म्या बंद केल्ता."

"घडी केली होती," रिजवानने सांगितलं. "बंद नव्हता केला."

पुढचं सांगण्यासारखं नाही. तसं न्हाई हो, माझं म्हणणं वेगळं होतं, असली सारवासारव झाली. तो कागद ते लिहून देऊ शकत नव्हते, म्हणून त्यांना दुसरा लिहावा लागला. तृप्ती मॅडमनी फलकचं नाव पहिलीच्या यादीत घातलं. तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा या रकान्यात माझं नाव लिहू या, असं तातेरावांनी सुचवलं. रिजवानने स्वतःचा नंबर लिहायला लावला. मेसेज करा, व्हिडिओ कॉल करा, तीन मिनिटांत येतो, म्हणाला.

मला वाटलं, आपण जिंकलो. संध्याकाळी मी स्वतःसाठी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी रिजवानचा कॉल आला. दुकानात कोणी नव्हतं. दुमडलेला फोन त्याने समोर ठेवला होता. मी विचारलं, फलक खूश आहे ना. त्याने कालचं, मला कचेरीत न दिसलेलं सांगितलं.

तो माझ्याकडे बघत होता, बाहेरच्या पडद्यावर, पहिल्या खुणेपासून. पण त्याच वेळी महजबीनने मांडीवरच्या फलकला खूण करून विचारलं होतं, सर काय म्हणतायत? फोन मिटवणारे तातेराव विसरले होते की त्या खोलीत आमच्या पोरीला सगळं ऐकू येतं. फलकने सगळं ऐकलं होतं. तिने आईकडे वळून हसून खूण केली, सर म्हणतात, माझा फ्रॉक छान आहे.

"बाई," रिजवानचे हात सावकाश बोलत होते, "तुम्ही छोट्या पडद्यावर एक सांगत होता आणि माझी पोरगी शेजारी दुसरंच सांगत होती. तिचे हात जरासुद्धा अडखळले नाहीत. हे ती आधीपासून करत असणार. किती दिवस, ते मी तिला विचारलेलं नाही."