प्लास्टरवरचे चार चौकोन

माझा पाय मोडला तेव्हा संस्थानं विलीन होत होती. लोधीपुरा मोहल्ल्यातले पुरुष माझ्या माहेरच्या ओट्यावर बसून निजाम टिकतो की जातो यावर भांडायचे. मी आत खाटेवर. बहादरपूरहून येताना कापसाच्या गाडीवरून पडले आणि गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. सरकारी दवाखान्यात मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. लंगडी सून पडून राहायला नको म्हणून सासरच्यांनी मला माहेरी पोचवलं.

त्याच खोलीत माझा धाकटा भाऊ अभ्यास करत होता. तो नागपूरला डॉक्टरकी शिकायचा आणि सर्जरीत नापास होऊन आला होता. वडिलांनी सांगून टाकलं होतं, आता ही शेवटची परीक्षा. पास झाला नाही तर दुकानात बसून कापूस तोलायचा.

पुढच्या वर्गातल्या एकानं त्याला एक नमुना उत्तर दिलं होतं. हाड मोडल्यावर पुढे काय काय बिघडतं, हा मोठा प्रश्न. गेल्या खेपेला त्यानं सगळं एका ढिगात लिहिलं होतं. कॉलेजातल्या मास्तरांचं म्हणणं असं, की चार गट करा. मोडल्या जागी लगेच होणारं, मोडल्या जागी उशिरा होणारं, सगळ्या अंगाला लगेच होणारं, सगळ्या अंगाला उशिरा होणारं. एक गट राहिला तरी मार्क गेले.

तो इंग्रजीत घोकायचा. मी चौथी शिकलेली, म्हणून मला आपल्या बोलीत सांगायचा. नस तुटते, प्लास्टरच्या आत सूज दाटून रक्त अडतं, हाड उशिरा जुळतं, जुळतच नाही, वाकडं जुळतं, सांधा आखडतो. इथवर माय ऐकून घ्यायची. पुढे रक्त जाऊन माणूस खलास होतो, हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात अडकते, धनुर्वात होतो, हे आलं की ती चुलीपासून उठून यायची. आजाऱ्याच्या खाटेपाशी मरणाचं नाव काढायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. मग तो ओठ मिटून अंगाचे ते दोन्ही गट सोडायचा आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. माय जाता जाता माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवायची.

एके दुपारी त्यानं पुस्तक मिटून अख्खं उत्तर लिहून पाहिलं. ताडून बघितलं आणि कागद घेऊन तसाच बसला. अंगाचे दोन्ही गट गायब होते. इतके दिवस ओठ मिटून सोडलेलं हातानंही सोडलं होतं.

"आक्का, मी नदीच्या घाटावर जाऊन घोकतो," तो म्हणाला.

"घाटावर कशाला? मोडलेलं हाड इथं पडलंय. पेन्सिल आण."

"कशाला?"

"माझ्या पायावर चार चौकोन काढ. रोज चारही भर. रिकामा राहिला तर मला इंग्रजी वाचता येत नसलं तरी दिसेल."

तो भ्याला. मी पेन्सिल ओढून घेतली आणि पहिली रेघ स्वतः मारली. मग त्यानं चौकोन काढले आणि मांडीपासून नडगीपर्यंत माझं मरण इंग्रजीत लिहिलं. मी अर्थ विचारत गेले, तो सांगत गेला. पडून राहिल्यानं मुतखडा होतो, म्हाताऱ्यांना न्यूमोनिया होतो, हे उशिराचं. माझ्या पायाचं काय, असंही विचारलं. थोडा आखूड होईल, तो म्हणाला. खरं बोलला, बरं वाटलं.

मायनं पाहिलं तेव्हा ओलं फडकं घेऊन आली. प्लास्टर भिजलं तर विरघळेल, असं भाऊ म्हणाला तेव्हा थांबली.

"पोरी, जिवंत माणसाच्या अंगावर हे लिहितात?"

"मेलेल्याच्या अंगावर लिहून त्याला काय पास व्हायचंय? माय, शब्दानं मेले तर माझा पाय नव्हे, मीच कच्ची. तू बाहेर बस, नाहीतर ऐक."

ती बाहेर गेली नाही. पाटावर बसून भाकरीचं पीठ मळत राहिली. भाऊ मरणाच्या गटावर आला की तिचे हात थांबायचे, पण तिनं त्याला थांबवलं नाही. पुढे तो खोडून रोज नव्यानं लिहायचा. पांढरं प्लास्टर पार काळपट झालं.

परीक्षेला मांडीचं हाड मोडल्यावर काय बिघडतं, हाच प्रश्न आला. भाऊ परत आला तेव्हा दारातच म्हणाला, चारही गट लिहिले. निकालात त्याचा नंबर होता. वडिलांनी दुकानाच्या गादीवर दुसरा माणूस ठेवला.

माझा पाय बोटभर आखूड जुळला. माय मरेपर्यंत म्हणत राहिली, पायावर लिहवून घेतलंस म्हणून आखूड झाला. मी तिला दर वेळी सांगायचे, की लिहिलं तर बाकीचंही होतं, ते का नाही झालं? ती मीठ-मोहऱ्या घ्यायला उठायची. मी तेच पुन्हा विचारायचे.