एकतीस डिसेंबरची रेघ

आमच्या शाळेत खेळाच्या बाईंना सगळी पोरं शिट्टीबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं वाटत असेल तर तसं नाही, त्यांनी हाक मारली तरी "आलो शिट्टीबाई" असंच उत्तर येतं. गळ्यात शिट्टी, हातात प्लास्टिकची फाइल आणि चेहऱ्यावर आत्ता काहीतरी चुकणार आहे असा भाव. मी चित्रकलेचा मास्तर. अक्षर बरं आहे एवढ्या एका गुन्ह्यापायी दरवर्षी स्पर्धांचे प्रवेशअर्ज भरायची शिक्षा मला होते, म्हणून बाईंचा स्वभाव मी जवळून पाहिला आहे. त्यांच्याइतकी घाबरट बाई मी पाहिली नाही, आणि त्यांच्याइतकी हट्टीही नाही.

दरवर्षी शाळा सुरू झाली की बाई पालकांना मैदानावर बोलावतात. फळ्यावर नियम लिहून दिले की पालक मान डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात, असा त्यांचा अनुभव. म्हणून त्या मैदानावर फक्कीची पांढरी लांब रेघ मारतात आणि मुलांना जन्मतारखेप्रमाणे तिच्या अलीकडे-पलीकडे उभं करतात.

"ही रेघ म्हणजे यंदाचा एकतीस डिसेंबर," त्या सांगतात. "त्या दिवशी ज्याला चौदा पूर्ण झालेली असतील तो पलीकडे, सतराखालच्या गटात. ज्याची झालेली नसतील तो अलीकडे, चौदाखालच्या."

मग ठरलेला प्रश्न येतोच. त्या वर्षी तो एका गॅरेजवाल्यानं विचारला. "पण बाई, स्पर्धा तर डिसेंबरच्या कितीतरी आधी आहे. त्या दिवशी माझं पोरगं तेराचंच असेल की!"

"असू दे. स्पर्धेच्या दिवशीचं वय कोणी विचारत नाही. वर्षअखेरचं वय धरतात. सगळ्या शाळांना एकच."

गॅरेजवाल्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू वर्ष कधी संपवायचं हे बाईंनीच ठरवलं होतं.

पुढे कागदांचं पुराण. जन्मदाखला पालिकेचा हवा, दवाखान्याची चिठ्ठी चालत नाही. दाखल्याची प्रत कालची असली तरी हरकत नाही, पण जन्माची नोंद जन्मानंतर वर्षाच्या आत झालेली हवी. प्रतिज्ञापत्र चालत नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत. आणि दाखल्यासोबत शाळेच्या रजिस्टरचा उतारा, मुख्याध्यापकांच्या सहीचा. दोन्हींवरची तारीख एकच पाहिजे. "एकच म्हणजे एकच," बाई म्हणतात, आणि शिट्टी हातात घट्ट धरतात.

त्या वर्षी रेघेच्या अलीकडे सुई उभी होती. शिंप्याची थोरली मुलगी, अंगानं काटकुळी, म्हणून हे नाव. धावायला लागली की तिचे पाय दिसत नसत. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ती धावताना मी वर्गाच्या खिडकीत येऊन उभा राहत असे. तिचा वाढदिवस जानेवारीच्या एकोणीस तारखेला, म्हणजे चौदाखालच्या गटाचं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि स्पर्धेला जायचं पहिलंच. दोनशे मीटरला जिल्ह्यात पहिल्या तिघींत आली तर विभागाला जाईल, आणि विभागाला दिसली तर क्रीडा वसतिगृहात निवड होईल, असं बाईंनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं. शिंपीदादांनी तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता हेच ऐकवलं होतं.

अर्ज देण्याच्या आदल्या दुपारी मी भरत बसलो होतो. बाईंची एक सवय आहे. प्रत्येक मुलाचा दाखला आणि उतारा शेजारी ठेवतात आणि डाव्या-उजव्या हाताचं एकेक बोट दोन तारखांवर टेकवून पुटपुटतात. सुईच्या कागदांवर बोटं टेकली आणि पुटपुटणं थांबलं.

"मास्तर, हे तुम्ही वाचा हो."

मी वाचलं. दाखल्यावर एकोणीस जानेवारी. उताऱ्यावर अठ्ठावीस डिसेंबर, त्याच्या आधीच्या वर्षाचा. जेमतेम तीन आठवड्यांचा फरक, पण मधून बाईंची रेघ जात होती.

बाई खुर्चीत बसल्या. चेहरा पांढराफटक. "रजिस्टर बरोबर असेल तर ही चौदाखाली बसत नाही. दाखला बरोबर असेल तर शाळेचा उतारा खोटा. आता काय करू मी?"

शिंपीदादांना बोलावणं गेलं. ते गळ्यात टेप तशीच ठेवून धावत आले. बाईंनी दोन्ही कागद पुढे केले. त्यांनी ते पाहिले आणि मटकन खाली बाकावर बसले.

"तारीख मीच सांगितली होती," ते म्हणाले. "पहिलीत घालताना. डिसेंबरअखेर सहा पूर्ण पाहिजेत, असं शाळेत म्हणाले. हिला तीन आठवडे कमी पडत होते. हिच्या आईची कारखान्यात दिवसपाळी, मी दुकानात. पोरीला सांभाळणार कोण? दाखला नंतर आणतो म्हटलं आणि तोंडी तारीख सांगितली. कारकुनानं लिहून घेतली. नंतर दाखला कोणी मागितलाच नाही."

म्हणजे तीच रेघ! तेव्हा पोरीला त्या बाजूला ढकललं, आणि आता या बाजूला हवी होती. मला हसूही येईना आणि रागही येईना.

"मग फक्त दाखला लावा ना बाई," ते काकुळतीला आले. "खरा कागद तोच आहे. उतारा कशाला?"

"दोन्ही मागतात, दादा."

"मी वकिलाकडून लिहून आणतो. आत्ता आणतो."

"प्रतिज्ञापत्र चालत नाही. मैदानावर सांगितलं होतं ना मी?"

तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आल्या. त्यांना आपल्या शाळेचा चषक कपाटात आधीच दिसत होता. सगळं ऐकून त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "रजिस्टर आपल्याच कपाटात आहे. तारीख तर दाखल्याप्रमाणे खरीच लिहायची आहे. खऱ्याला खरं केलं तर बिघडलं कुठं?"

खरं सांगतो, क्षणभर मलाही ते पटलं. शिंपीदादा बाईंकडे आशेनं बघत होते.

शिट्टीबाईंनी दोन्ही कागद छातीशी धरले. "खाडाखोड दिसते हो, मोठ्या बाई. रजिस्टरातली तारीख शिक्षण खात्याच्या हुकुमाशिवाय बदलता येत नाही. कोणा शाळेनं हरकत घेतली आणि त्यांनी रजिस्टर मागवलं तर? सुई रिलेतही आहे. चौघींची धाव रद्द होईल, शाळेवर बंदी येईल आणि पोरीच्या नावापुढं खोटं वय लागेल. तिचं खरं वय असूनसुद्धा! माझ्या हातून हे व्हायचं नाही."

"तुम्ही फारच घाबरता," मोठ्या बाई म्हणाल्या.

"घाबरते," बाई म्हणाल्या. "म्हणूनच नाही म्हणते."

मोठ्या बाई तडक निघून गेल्या. शिंपीदादांनी टेप गळ्यातून काढली आणि तिची गुंडाळी करत बसले. मग बाईंनीच मार्ग काढला. लहान मुलाला मोठ्या गटात खेळता येतं, मोठ्याला लहान गटात नाही. दोन्हींतली कुठलीही तारीख धरली तरी सुई सतराखाली बसते. तिला मोठ्या गटात उतरवायचं, तारीख दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी शिक्षण खात्याला द्यायचा आणि छाननीला कोणी पकडायच्या आत आपणच सगळं सांगून टाकायचं.

"मोठ्या गटात म्हणजे सोळा-सोळा वर्षांच्या मुलींबरोबर?" शिंपीदादांनी विचारलं.

"हो."

"आणि तिथं मागं पडली तर?"

"तर पडली, दादा."

संध्याकाळी सुईला सांगितलं. रिलेतल्या मैत्रिणी मैदानावर तिची वाट बघत होत्या. ती त्यांच्याकडे गेली नाही, नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी जिल्हा क्रीडा कार्यालयात छाननीला बाईंनी मला सोबत नेलं. धीर हवा म्हणून नेलं, पण धीर माझ्याकडेही नव्हता. शिंपीदादा सुईला घेऊन दाराबाहेर उभे. रांग काही केल्या सरकत नव्हती. पुढची एक शिक्षिका डोळे पुसत परत गेली. तिच्या मुलाच्या जन्माची नोंद फार उशिरा झालेली निघाली. बाईंनी माझी बाही पकडली.

टेबलावरच्या साहेबांनी कागद हातात घेण्याआधीच बाई बोलायला लागल्या. तारखा, पहिलीचा प्रवेश, तोंडी सांगितलेलं वय, दुरुस्तीचा अर्ज, सगळं एका दमात. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. दाखला वाचला, नोंदीची तारीख पाहिली, उतारा पाहिला, पुन्हा दाखला पाहिला.

"चौदाखाली घालत असता तर परत पाठवला असता," ते म्हणाले. "सतराखाली दोन्ही तारखा चालतात. अर्जाची पोच सोबत जोडा. पुढल्या वर्षी उतारा दुरुस्त करूनच या."

शिक्का बसला. बाहेर येऊन बाई पायरीवर बसल्या आणि चक्क रडल्या. शिंपीदादा घाबरून विचारू लागले, "नाही म्हणाले का?" मला हो-नाही, हो-नाही करत समजावावं लागलं.

स्पर्धेच्या दिवशी सुई त्या मोठ्या मुलींमध्ये उभी राहिली तेव्हा त्यांच्या खांद्याला लागत होती. वळणापर्यंत ती तिसरी होती. शेवटच्या पट्ट्यात एका लांब ढांगांच्या मुलीनं तिला गाठलं. सुई चौथी आली. पहिल्या तिघी विभागाला गेल्या.

थोड्या वेळानं चौदाखालच्या मुलींची तीच शर्यत झाली. बाईंनी सुईसारखीच तिथल्या पहिलीचीही वेळ घेतली. घड्याळ पाहिलं आणि मुठीत मिटून घेतलं. शिंपीदादा शेजारीच उभे होते.

"बाई, खरं सांगा. यांच्यात असती तर पहिली आली असती?"

बाई खोटं बोलल्या असत्या तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या शिट्टीबाई. "आली असती," त्या म्हणाल्या. "बरीच पुढं."

दादांनी मान हलवली आणि सुईचे बूट पिशवीत भरायला वाकले.

दुरुस्तीचा हुकूम शाळेचं वर्ष संपता संपता, परीक्षांच्या दिवसांत आला. तोवर खऱ्या तारखेनंही सुईला चौदा पूर्ण झाली होती. बाईंनी तो हुकूम लावून नवा उतारा घेतला आणि फाइलमध्ये ठेवला. मोठ्या बाईंकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली: "पहिलीच्या प्रवेशाच्या टेबलावर मला बसू द्या." तिथं त्या प्रत्येक आईबापाकडे जन्मदाखला मागतात. दाखला नसेल तर प्रवेश देतात, पण तारखेची जागा पेन्सिलीनंसुद्धा भरत नाहीत. लोक वैतागतात. सहा वर्षांच्या पोराला कुठं स्पर्धेत धावायचंय, म्हणतात.

यंदा त्या टेबलासमोर शिंपीदादा आले. हाताशी धाकटी, नवी कोरी पाटी आणि पाठीवर तिच्याएवढं दप्तर. त्यांनी दाखला स्वतःहून पुढं केला. बाईंनी वाचला. जानेवारीची पाच तारीख.

"दादा, पाच दिवस कमी पडतायत," बाई हळूच म्हणाल्या. "आई अजून दिवसपाळीलाच आहे का?"

"हो."

मी पलीकडच्या टेबलावर चित्र चिकटवत होतो. माझा हात थांबला. थोरलीच्या वेळी एक तोंडी तारीख पुरली होती. इथं तर पाचच दिवसांचा प्रश्न होता.

दादांनी दाखल्याची घडी घातली आणि खिशात ठेवला. "मग पुढच्या वर्षी आणतो," ते म्हणाले. "तोवर बसेल दुकानात माझ्याजवळ."

धाकटीनं भोकाड पसरलं. दादांनी तिच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि तिला कडेवर घेतलं.